भासऱ्यासमोरची खुर्ची

सुचिता घागरे या बाईला कशाचा राग येत नाही, असं म्हणणारा माणूस तिला कधी भेटलेला नसावा. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात तिचा फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ती बसनं सौसरला येते आणि सामुदायिक भवनात म्हाताऱ्या माणसांचा खुर्चीवरच्या व्यायामाचा वर्ग घेते. दारातल्या चपलांच्या ढिगाचा तिला वीट येतो, फोटो काढायला आलेल्या पार्षदाचा, म्हणजे नगरसेवकाचा येतो, आणि व्यायाम चालू असताना खिडकीच्या कोपऱ्यात थुंकणाऱ्याला तर तिनं एकदा फडकं आणून पुसायला लावलं होतं.

वर्ग सुरू करण्याआधी ती खुर्च्यांवरूनच भांडली. ज्येष्ठ नागरिक मंडळानं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. फरशीवर त्यांचे पाय फाकतात, आणि मागून धरून उभं राहावं तर त्या माणसाला घेऊनच पडतात. तिनं पालिकेच्या जुन्या बैठकीच्या लाकडी, जड खुर्च्या मागून घेतल्या आणि रांगांत मांडल्या. वर्ग ठरलेला. आधी बसूनच खांदे फिरवायचे, घोटे वरखाली करायचे, जागच्या जागी पावलं टाकायची. मग कंबरेतून हळूहळू डावीउजवीकडे वळायचं. मग गुडघा सरळ करायचा. त्यानंतर वर्गाचा खरा जीव, म्हणजे उठणं. बूड पुढे सरकवायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकायचं आणि उठायचं. आकडे मोठ्यानं म्हणायचे, म्हणजे कोणी श्वास कोंडत नाही. शेवटी खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या, पाय बाजूला न्यायचा; तोल जमला की आधी एक हात सोडायचा, मग नुसती बोटं टेकवायची.

यातलं जमेल तेवढं लीलाबाई सतरंजीवर बसून करायची.

लीलाबाई जवळच्या रामाकोन्याची, पंचाहत्तरीची, गुडघ्यांनी दगा दिलेली. मुलगा कुणाल यानं घरी कमोड बसवला, शेजारी भिंतीत धरायला दांडाही लावून दिला. पण मांड्यांत जोर नसला तर दांडा काय उचलून देतो? रोज सकाळी तिला तिथूनच सुनेला हाक मारावी लागे. सून दीपाली काखेत हात घालून उठवायची, तोंड दुसरीकडे करून. दीपाली वाईट नव्हती. पण लीलाबाई दुपारनंतर पाणी पिणं टाळू लागली होती, हे सुचिताच्या कानावर आलं. या बाईला एकच गोष्ट शिकायची होती. खुर्चीएवढ्या उंचीवरून आपल्या बळावर उठायचं. आणि ती खुर्चीला शिवत नव्हती.

कारण पहिल्या रांगेत तिचे भासरे बसत. नवऱ्याचे थोरले भाऊ, भगवंतराव, ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष. भासऱ्यासमोर भावजयीनं खुर्चीवर बसायचं नाही. लग्नाला पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली, नवरा जाऊनही काळ लोटला, पण हा नियम मात्र ठणठणीत होता. उठायची पाळी आली की दोन बायका लीलाबाईला बगलेत धरून जमिनीवरून ओढून उठवत, आणि ती भिंतीला टेकून उभी राही. गुडघे दुखणाऱ्या बाईला जमिनीवर बसवायचं आणि त्याला मान म्हणायचं! सुचिताला शिसारी आली.

तिनं भगवंतरावांना बाजूला घेऊन सरळ सांगितलं, की काकाजी, तुम्ही एक शब्द बोला, त्या बसतील.

"मी का मना करून राहिलो का?" ते म्हणाले. "तिची तिले लाज वाटते. त्याले मी काय करू?"

बायकांना विचारलं तर त्या म्हणाल्या, कोणी बळजबरी थोडीच करतं. कुणालला विचारलं तर तो म्हणाला, मोठ्या बाबांना कोण सांगणार. कोणीच मना करत नव्हतं आणि बाई जमिनीवर होती. सुचिताला त्या एकेका गोड तोंडाची किळस वाटली.

मग तिनंही एक शहाणपणा केला. लीलाबाईची खुर्ची शेवटच्या रांगेत, भगवंतरावांच्या थेट मागे लावली. मागे कोण बघतं, म्हणाली. लीलाबाई भीत भीत, खुर्चीच्या काठावर बसली. खांदे झाले, घोटे झाले. मग सुचितानंच हुकूम सोडला, "कंबरेतून वळा, खांद्यावरून मागे बघा." पहिली रांग वळली. भगवंतरावांनी मागे पाहिलं. लीलाबाईनं पदर ओढला, आणि घाईघाईनं खुर्चीवरून खाली सटकायला गेली ती कुशीवरच आदळली.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, एवढंच नशीब. मांडी काळीनिळी झाली. आपल्याच वर्गाचा क्रम आपल्याला कळू नये, म्हणून सुचिताला स्वतःचाही संताप आला. पण भवनातल्या माणसांना दोषी सापडली होती, ती खुर्ची. भगवंतरावांनी सगळ्यांसमोर निकाल दिला, की खुर्ची लीलाबाईच्या कामाची नाही. कुणालनं आईचा वर्ग बंद केला. ज्याच्या नजरेला भिऊन ती पडली, त्याला कोणी एका शब्दानं जाब विचारला नाही.

सुचिता रामाकोन्याला गेली. कुणालशी भांडली, आणि दीपालीला शिकवून आली. दुखणं ओसरल्यावर, डॉक्टरनं हो म्हटलं की, उंच दिवाणाच्या काठावरून उठायचा सराव. दीपालीनं समोर उभं राहायचं, हात तयार ठेवायचा, ओढायचं नाही. दिवाण उंच असतो म्हणून सोपा जातो, खुर्ची नंतर, असंही बजावलं.

महिन्याभरानं एका शुक्रवारी लीलाबाई आली, दीपालीचा हात धरून. कोणीतरी सवयीनं सतरंजी पसरली. लीलाबाई त्या सतरंजीला वळसा घालून पहिल्या रांगेत गेली आणि भगवंतरावांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबली. भगवंतराव घसा खाकरून म्हणाले, की अजून एकदा पडाचं हाय काय?

लीलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती सुचिताशी बोलली, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मॅडम, मले संडासातून आपल्या बळानं उठाचं हाय. रोज सुनेले मले उठवा लागते. कोणाले पाहाचं असंन तं पाहू द्या."

भासऱ्यासमोर जो शब्द बाई मनातसुद्धा आणत नाही, तो तिनं पहिल्या रांगेत उच्चारला. भगवंतरावांचा चेहरा उतरला. इतकं होऊनही ते "बस" म्हणाले नाहीत. मान फिरवून भिंतीकडे बघत राहिले. अध्यक्षांना एवढंच जमलं.

लीलाबाई बसली. सुचिता तिच्या बाजूला उभी राहिली, हात न लावता. बूड पुढे. पावलं मागे. नाक बोटांवर. पहिल्यांदा ती अर्ध्यातून मागे आली आणि मागून कोणी बाई हळहळली. सुचितानं तिच्याकडे असं पाहिलं की ती हळहळ तोंडातच राहिली. दुसऱ्यांदा लीलाबाईनं मांड्यांवर हात रोवले, मोठ्यानं आकडा म्हटला आणि उठली. पूर्ण.

"लगेच चालू नका, जरा थांबा," सुचिता म्हणाली.

लीलाबाई थांबली. मग सुनेकडे वळून म्हणाली, "दीपाली, आता मी दार लावून बसत जाईन."

दीपालीनं तोंडाला पदर लावला. सुचिता खेकसली, की कडी नका लावू आजी, अजून सराव हवा, नुसतं लोटून घ्या.

"लोटून तं लोटून," लीलाबाई म्हणाली, आणि पुन्हा उठायला खुर्चीवर बसली.