झरीचं पोर्ट कोणी बंद केलं

परभणीत एका केबल-इंटरनेटवाल्याकडे मी नेटवर्क बघायचो. गावोगावी नेट वाटणाऱ्या स्विचांची खबर ऑफिसातल्या स्क्रीनवर यायची, एसएनएमपीच्या, म्हणजे लांबून यंत्रं हाताळायच्या व्यवस्थेच्या, जुन्या पद्धतीने. तिची चावी म्हणजे कम्युनिटी स्ट्रिंग, साधा एक शब्द. आमचा शब्द ज्याला ठाऊक, त्याचा हुकूम स्विच मुकाट ऐकायचा. आणि तो ठाऊक नाही असा माणूस ऑफिसात शोधून सापडला नसता, नोकरी सोडून गेलेलेसुद्धा धरून.

एका दुपारी झरीच्या स्विचचं मुख्य पोर्ट, जिथून गावात नेट शिरायचं ते, बंद झालं आणि अख्ख्या गावाचं नेट गेलं. आमचा झरीचा लाइनमन ऑफिसातून धावत गेला, त्याने ते चालू केलं. आदल्याच दिवशी सुट्टीवरून त्याचं मालकाशी वाजलं होतं. मालकाने हिशेब जुळवला, आग लावणाराच विझवायला गेला.

"साहेब, म्या कशाला बंद करू? माझ्याच गावाचं नेट हाय," लाइनमन म्हणाला.

मी लॉग, म्हणजे स्विचने ठेवलेली नोंद, काढला. त्यात एवढंच, की पोर्ट एसएनएमपीने बंद झालं, हुकूम ऑफिसच्या सर्व्हरवरून आला. त्या सर्व्हरवर सगळेच बसायचे, लाइनमनसुद्धा. कम्युनिटी स्ट्रिंगमध्ये माणसाचं नावच नसतं. मी मालकाला लॅपटॉपवर वायरीतून जाणारा तो शब्द जसाच्या तसा दाखवला. एसएनएमपीच्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड असतो, मजकूर कुलूपबंद जातो, हे सांगितलं. पण झरीच्या जुन्या स्विचला ते व्हर्जन येतच नव्हतं.

"मंग त्यानं केलं न्हाई, हे तरी दाव," मालक म्हणाला.

ते मला दाखवता येत नव्हतं. मालकाने लाइनमनला कामावरून काढलं. माझा संताप झाला, पण संतापाला कोण विचारतो?

पुढे तो स्विच विजेच्या झटक्याने जळाला, म्हणून नवा आला. मग बाकीचेही बदलले. मी तिसरं व्हर्जन लावलं, ज्याच्या त्याच्या नावाने. आता कोणी पोर्टला हात लावला की लॉगमध्ये नाव उमटतं. मालक आल्या-गेल्याला कौतुकाने दाखवतो. त्या दुपारबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

पोखर्णीला नरसिंहाच्या देवळाबाहेर लाइनमन भेटला. आता दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जातो. झरीत लोक अजून त्याला नेट बंद करणारा म्हणतात, मुलीची सोयरीक जुळली, तिथंही तेच निघालं. मी नव्या व्यवस्थेचं सांगितलं. त्याचा चेहरा जरा उजळला.

"म्हंजी आता कळतंय, कोणी केलं ते?"

"आता कोणी केलं तर कळतं, भाऊ."

"आन् तवाचं?"

"तेव्हाचं नाही कळणार. कधीच."

 मग तो म्हणाला, "पोरीच्या सासरच्यांला तुमी एवढं सांगताल का, म्या न्हाई केलं म्हून?"

मी हो म्हणालो. गेलोही. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग कोणी केलं?"