मेंढ्यावरचा स्टे

अदालत रोडवरच्या कोर्टात मी नव्यानं जायला लागले, तेव्हा ज्या सरांच्या हाताखाली होते त्यांचं ऑफिस क्रांती चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. सर दिवाणी कामं करायचे. जमिनीचे दावे, वाटण्या, बांध, रस्ते. आवाज चढवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पक्षकार कितीही लांबण लावो, सर ऐकून घ्यायचे आणि मधूनच त्याला पाणी विचारायचे.

त्या सकाळी जिना चढून एक म्हातारी आली. अंगानं काटक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्टॅम्पपेपर. खुर्ची दिली तरी ती आधी उभीच राहिली.

"सायेब, माझा मेंढा उद्या बाजारात चाललाय. थांबवा त्याला."

मला हसू आलं ते मी दाबलं. सरांना नाही आलं. "बसा मावशी," ते म्हणाले. "मेंढा तुमचाय का?"

"माझा बी हाय आन् नाय बी."

मग तिनं सगळं सांगितलं. मावशीची मेंढरं पडेगावच्या पलीकडच्या माळावर असायची. नवरा वारलेला, कळप तीच आणि तिची सून बघायची. पडेगावात तिच्या नवऱ्याचा एक शेतकरी दोस्त होता. उन्हाळ्यात मावशीचा कळप त्याच्या शेतात बसायचा, म्हणजे रात्री मेंढरं तिथंच मुक्कामाला, जमिनीला खत मिळावं म्हणून. त्या दोस्ताला एकदा तिच्या कळपातलं एक काळं कोकरू फार आवडलं. तिच्या नवऱ्यानं ते त्याला देऊन टाकलं. कोकराचा मेंढा झाला. पुढं तो दोस्तही गेला, आणि मेंढा त्याच्या मुलाच्या गोठ्यात राहिला. मुलगा शहरात नोकरीला, शेती सुट्टीच्या दिवशी.

मागच्या साली मावशीच्या कळपात रोग शिरला. तिचे सगळे नर मेले. जुन्या रक्ताचा एवढा एकच मेंढा उरला, तोही दुसऱ्याच्या दावणीला. म्हणून तिनं तो विकत मागितला. मुलगा तयार झाला. लिखापढी झाली, इसार दिला, उरलेले पैसे मेंढा हातात आल्यावर द्यायचे ठरलं. त्याच्या स्वतःच्या चार मेंढ्या गाभण राहीपर्यंत मेंढा त्याच्याकडंच राहणार होता. आणि आता शहागंजच्या एका व्यापाऱ्यानं मेंढ्याचं वजन बघून चढा भाव सांगितला.

"व्यापारी पाळायला नाय नेत, सायेब. कापायला नेतो."

सरांनी कागद वाचला. मेंढ्याचं वर्णन नीट होतं: काळा, कपाळावर पांढरा टिळा, डावा कान चिरलेला. खाली दोघांच्या सह्या, म्हणजे एक सही आणि एक अंगठा.

मग सरांनी मुद्दाम वाकडं विचारलं. "मावशी, तुमचा इसार परत मिळवून देतो. वर नुकसानीचे पैसेही मागू. त्यात दुसरा चांगला मेंढा येईल की."

मावशी एकदम चिडली. "बाजारात मेंढे लई हायेत, मला ठावं नाय व्हय? त्यातला कोणता आमच्या कळपाचा हाय? आमची मेंढरं उन्हात माळावर तग धरत्यात ती त्या रक्तावर. तुमी पैशे द्याल, रक्त कुठून आणून द्याल?"

सर माझ्याकडं वळले. "हेच लिहा. तिच्याच शब्दांत, फक्त जरा कोर्टाला कळेल असं."

मी टाइप करायला बसले आणि सर येरझारा घालत मला समजावत राहिले. कबूल केलेली गोष्ट प्रत्यक्ष करायला लावणं, याला आपण कराराची विशिष्ट पूर्तता म्हणतो. पूर्वी मेंढ्यासारख्या जंगम वस्तूसाठी आधी दाखवावं लागायचं, की ही बाजारात सहज मिळणारी चीज नाही, पैशानं हिची भरपाई होत नाही. जमिनीच्या बाबतीत तर कोर्ट ते धरूनच चालायचं, कारण एका जमिनीसारखी दुसरी जमीन नसते. आता कायदा बदललाय. करार मोडला तर पूर्तता मागता येते, ती देणं न देणं पूर्वीइतकं कोर्टाच्या मर्जीवर राहिलेलं नाही.

"मग रक्ताचं कशाला लिहायचं, सर?"

"कारण दाव्याचा निकाल लागायला वेळ लागतो. आपल्याला आज मनाई हुकूम पाहिजे. तो मागताना कोर्ट अजूनही विचारतं, की आज नाही थांबवलं तर असं काय नुकसान होईल जे नंतर पैशानं भरून निघणार नाही? मेंढा कापला गेल्यावर हुकूमनामा घेऊन काय करायचं?"

दुपारी आम्ही दावा दाखल केला आणि निशाणी पाचचा अर्ज, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, लगेच ऐकावा अशी विनंती केली. न्यायाधीश तरुण होत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून सरांकडं पाहिलं.

"समोरच्याला नोटीस न देता हुकूम मागताय. का?"

"मॅडम, उद्या सकाळी बाजार आहे. नोटीस पोचेपर्यंत मेंढा राहणार नाही."

मॅडमनी मावशीला पुढं बोलावलं. "उरलेले पैसे द्यायची तयारी आहे?"

"हायेत की. सुनेकडं ठेवलेत. आत्ता आणू?"

"आत्ता नको," मॅडम म्हणाल्या, आणि कोर्टात पहिल्यांदा जरा हशा पिकला. पुढच्या तारखेपर्यंत प्रतिवादीनं हा मेंढा विकू नये, दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये, कापू नये, असा हुकूम झाला. अर्जाच्या आणि कागदांच्या नकला ताबडतोब त्याला पोचवायच्या, हेही त्यात होतं.

बेलिफाला घेऊन मी आणि मावशी रिक्षानं पडेगावला गेलो. दोस्ताचा मुलगा, म्हणजे आताचा शेतकरी, नुकताच नोकरीवरून आला होता, अजून इस्त्रीच्या शर्टात. हुकूम वाचून त्याचा चेहरा लाल झाला.

"मेंढ्यावर स्टे? बाई, तुम्हाला दुसरं काम नाही का?"

मी काही बोलणार तेवढ्यात गोठ्यातून मेंढ्यानं आवाज दिला. मावशीनं तोंडानं नुसतं "हुर्रर" केलं आणि तो दाव्याला हिसडा देऊन पुढं झाला. कपाळावर खरंच पांढरा टिळा होता. शेतकऱ्याची बायको दारात उभी होती. तिच्या हातात अर्धी भाकरी होती आणि ती मेंढ्यालाच घालायला निघाली होती, हे माझ्या लक्षात आलं. नवरा रागानं बोलत असताना तिनं ती गुपचूप घातलीही.

पुढच्या तारखेला शेतकऱ्याचा वकील तयारीनं आला. तो वाईट बोलला नाही. मेंढा म्हणजे बाजारातला माल, त्याची किंमत ठरलेली असते, जास्तीत जास्त फरकाची रक्कम द्यायला लावा, असं त्याचं म्हणणं. सरांनी तीन गोष्टी मांडल्या. लेखी करार आहे आणि सही नाकारलेली नाही, म्हणजे प्रथमदर्शनी बाजू आमची. मेंढा त्याच्याच गोठ्यात राहिल्यानं त्याचं फारसं बिघडत नाही, पण गेला तर आमचं सगळं जातं. आणि बाजारभाव मांसाचा निघेल. कळपाची पैदास थांबली तर तिचं मोल मोजायचं माप कुणाकडं नाही. बोलताना सर मावशीकडं बघत होते, आणि ती मान हलवत होती, जणू सर तिच्या माळावरचंच काहीतरी सांगतायत.

मनाई कायम झाली. तेवढ्यात शेतकरी वकिलाला बाजूला सारून पुढं आला.

"मॅडम, मग माझं पण ऐका. वडलांच्या वेळेपासून हिची मेंढरं आमच्या शेतात बसतात. त्या भरवशावर मी मेंढा कमी भावात द्यायला तयार झालो. या उन्हाळ्यात ही आलीच नाही. मग हिलाही हुकूम द्या, दरसाल मेंढरं माझ्या शेतात बसव म्हणून!"

मॅडम रागावल्या नाहीत. "कराराच्या कागदात ते कुठं आहे?"

"तोंडी होतं."

"तोंडी ठरलं असेल तर ते सिद्ध करा. पण सिद्ध झालं तरी दर उन्हाळ्यात कळप कुठं बसला, किती दिवस बसला, यावर कोर्ट लक्ष ठेवू शकत नाही. असा हुकूम कायदा देऊ देत नाही. फार तर नुकसानभरपाई मागता येईल."

शेतकरी मागं सरला. हरल्यापेक्षा दुखावल्यासारखा दिसला.

बाहेर व्हरांड्यात मावशीनं त्याला गाठलं. सर आणि मी मागं होतो.

"लेकरा, म्या आले नाय कारण रोग पुन्हा उठला व्हता. आजारी मेंढरं तुझ्या शेतात बसवली असती तर तुझ्या चार मेंढ्या बी गेल्या असत्या."

"मग सांगायचं ना मला!"

"सांगाया आले व्हते. फाटकाला कुलूप व्हतं. तू शहरात, घरी बी कोण नव्हतं."

त्यानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाला, "वडील असते तर असं झालं नसतं."

"त्ये बी खरंच. पर म्या हाय की अजून. उन्हाळ्याला येते. कोर्टानं सांगो, नाय तर ना सांगो."

त्यानंतर दोन्ही वकिलांनी तडजोड लिहिली. मावशीनं उरलेले पैसे द्यायचे, त्यानं मेंढा द्यायचा. मी सरांना विचारलं, उन्हाळ्याचं कलमही घालायचं का? सर म्हणाले, "नको. जे कोर्टाला करून घेता येत नाही ते हुकूमनाम्यात कशाला? ते त्यांचं त्यांना पाहू दे." तडजोडीवर मॅडमनी दोघांना विचारून खात्री केली, आणि तसाच हुकूमनामा झाला.

मेंढा देण्याच्या दिवशी सरांनी मला पडेगावला पाठवलं. काम काही नव्हतं. "जाऊन बघ," एवढंच म्हणाले. मला वाटतं, त्यांना स्वतःलाच जायचं होतं, पण गुडघा दुखत होता.

मावशीनं पैसे दिले, शेतकऱ्यानं दोरी तिच्या हातात दिली. मेंढा फाटकापर्यंत चालला आणि तिथं पाय रोवून उभा राहिला. मावशीनं हुर्रर केलं, सुनेनं मागून ढकललं, काही उपयोग नाही. गोठ्याशी शेतकऱ्याची बायको उभी होती आणि तो तिच्याकडंच बघत होता. तिचे डोळे भरले होते.

"अहो, तुम्हीच जा की सोडायला," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि ही भाकरी घ्या, वाटेत मागेल."

शेतकऱ्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दोरी परत हातात घेतली. मग आम्ही सगळे माळाच्या दिशेनं निघालो. पुढं तो आणि मेंढा, मागं मावशी, सून आणि मी. वाटेत मावशी त्याला त्याच्या वडलांचा आणि तिच्या नवऱ्याचा एक जुना किस्सा सांगत होती आणि तो हसत होता. कळप दिसल्यावर मेंढ्यानं दोरी ओढली. शेतकऱ्यानं ती सोडून दिली. मेंढा चढ चढून कळपात शिरला आणि दोन-चार मेंढ्यांना हुंगत फिरू लागला. आम्ही बराच वेळ नुसते बघत उभे होतो.

"चहा ठेवते," सून म्हणाली. शेतकरी घड्याळ न बघता खाली दगडावर बसला. मीही त्याच्या शेजारी बसले.