शेगडी बंद, तरी टेस्टर पेटतो

आमचं दुरुस्तीचं दुकान पौडच्या बाजारात. अब्बांनी थाटलेलं, आणि माझ्या मते त्यांच्या सवयींनी अडवून ठेवलेलं. दुरुस्त केलेली विजेची शेगडी तापवून दाखवली की गिऱ्हाईक खूश होतं. पण अब्बा ती परत बंद करायचे आणि गार झालेल्या कॉइलला टेस्टर लावून बघायचे. मी वैतागायचो. बंद शेगडीत काय बघायचं?

त्या दुपारी कोळवणच्या रस्त्यावरच्या एका वस्तीतल्या काकू शेगडी घेऊन आल्या. गॅस पुरवून वापरायचा म्हणून दूध आणि चहा त्या हिच्यावरच करायच्या. अब्बा नमाजाला गेले होते.

"तापतच न्हाई. कॉइल गेली आसंल, नवी टाका," त्या म्हणाल्या.

मी सिरीजच्या बल्बला कॉइल जोडली. बल्ब लागला, म्हणजे कॉइल शाबूत होती. खाली उघडलं तर चिनी मातीचा कनेक्टर करपलेला. उतू गेलेलं दूध त्यात झिरपून स्क्रूपाशी कोळसा झाला होता. बटणाचे आतले पॉइंटही जळाले होते. मी दोन्ही बदलले. केबलमधल्या काळ्या वायरचं करपलेलं टोक कापलं, तर ती दोन बोटं आखूड झाली, कनेक्टरपर्यंत पोहोचेना. बटणापर्यंत मात्र आरामात पोहोचत होती. मग काळी बटणाला आणि बटणाची लाल कनेक्टरला, अशी अदलाबदल केली. नवी केबल कोण आणत बसणार? बटण फिरवलं, कॉइल लालबुंद. बंद केली, गार. मी स्वतःवरच खूश होतो.

"दूध उतू गेलं की वल्या फडक्यानं पुसती मी. चालतंय ना?"

"बटण बंद करून बिनधास्त पुसा, काकू."

त्या गेल्या. घटकाभराने अब्बा आले, टेबलावरचा जळका कनेक्टर उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "बंद करून टेस्टर लावलास का रं?"

मी हसत काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. टेबलावर कापलेला काळ्या वायरचा तुकडा पडला होता. करंट घेऊन येणारी फेज लाल वायरीत. तीच मी सरळ कॉइलला जोडली होती. बटण आता फक्त करंट परत नेणारी काळी, म्हणजे न्यूट्रल, तोडत होतं. बटण बंद केल्यावर कॉइल गार पडणार होती, पण फेज तिच्यात तशीच उभी राहणार होती. आणि ओल्या फडक्याने पुसा असं मीच सांगितलं होतं.

मी अब्बांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "फोन लाव," एवढंच म्हणाले. काकूंच्या फोनला रेंज नव्हती. मी टेस्टर खिशात घातला आणि गाडी काढली.

तो रस्ता मी शेकडो वेळा गेलोय, पण त्या दिवशी तो संपतच नव्हता. पुढे उसाची ट्रॉली, बाजूने जागा नाही. दूध तापायला किती वेळ लागतो याचाच हिशोब मनात चालला होता. आपल्या हातून एक बाई मरणार, हे मी स्पष्ट शब्दांत स्वतःशी म्हणालो. ती वाचली तर यापुढे टेस्टर लावल्याशिवाय शेगडी देणार नाही, असा देवाला शब्दही देऊन टाकला.

दारातूनच ओरडलो, "काकू, शेगडीला हात लावू नका!"

आतून आवाज नाही. स्वयंपाकघरात शिरलो. शेगडी ओट्यावर, बटण बंद, लख्ख पुसलेली. शेजारी ओलं फडकं.

"काय झालं वो?" काकू मागच्या दाराने आत आल्या, हातात दुधाचं रिकामं पातेलं.

"तुम्ही... पुसली?"

"मगाशीच. दूध गेलं की उतू."

"शॉक नाही बसला?"

"बसंल कसा? पिन काढूनच पुसली." त्यांनी भिंतीकडे हात केला. पिन बोर्डातून काढून खिळ्याला अडकवलेली होती. "तुमच्या अब्बांनी लई वर्साखाली सांगितलंय, बटणावर भरवसा ठिवायचा न्हाई. तुमी बिनधास्त म्हणालात खरं. पर म्हनलं, पोरगं हाय, थोरल्याचंच ऐकावं."

मी पिन लावली, बटण बंदच ठेवलं आणि कॉइलला टेस्टर टेकवला. तो पेटला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग ओल्या फडक्याकडे. माझी चूक मी त्यांना तिथेच सांगितली. त्यांनी ते फडकं उचलून लांब ठेवलं.

"अब्बांना तुमी सांगताय, का मी येऊ?"

"त्यांना सगळं सांगूनच आलोय."

शेगडी परत दुकानात आणली. अब्बा पायरीवर उभे होते. मी आधी तेच सांगितलं, की काकू ठीक आहेत, त्यांनी पिन काढली होती.

"काढली व्हती?" त्यांनी परत विचारलं.

"हो. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

ते स्टुलावर बसले. बसल्यावर पुन्हा एकदा विचारलं, "नक्की ना?" अब्बांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी नवी केबल कापली, लाल वायर बटणाला जोडली, शेगडी तापवली, बंद केली आणि टेस्टर त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही. "तूच लाव," ते म्हणाले.