ग्रुप म्यूट केला आणि पाणी गेलं

मंडळी, आज मी माझ्याच हातानं आठवडाभराचं पाणी घालवलं.

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप मी परवा म्यूट केला होता. कुठं जंगल पेटलेलं, कुठं हिमनदी वितळलेली, वर 'धरण आटत चाललंय'चे फॉरवर्ड. वाचून छातीत धडधडायचं, आणि करता तर काहीच यायचं नाही.

नळाची पाळी उद्या होती, पण आज सकाळीच पाणी सोडलं. मी दार लावून कूलरसमोर बसलेले. मला पत्ताच नाही. शेजारच्या मोटारींचा आवाज ऐकून मोटार लावायला गेले तेव्हा नळ नुसता फुसफुसत होता.

शेजारच्या मंगलताई म्हणाल्या, "पाणी सोडणाऱ्या लाइनमनचा निरोप टाकला होता की मी ग्रुपवर. बघितला नाय व्हय?" आणि दोन हंडे आमच्या दारात ठेवून गेल्या. मला लई लाज वाटली.

सासूबाई गच्चीवर गेल्या, टाकीवर बोटानं वाजवून बघितलं आणि खाली आल्या.

म्यूट काढलं. शेकड्यानं मेसेज. कामाची ओळ एकच, ती पण कुठल्याशा पुराच्या आणि उष्माघाताच्या बातमीत दबलेली.

मग मी पाण्यापुरता वेगळा ग्रुप काढला. 'इथं फक्त नळाची वेळ टाका' असं ठळक लिहिलं. जरा हायसं वाटलं.

पाच मिनिटांत पहिला मेसेज आला. आटलेल्या धरणाचा व्हिडिओ. आमच्या सासूबाईंनीच पाठवलेला, आतल्या खोलीतून.

आता हाही म्यूट करू का, तुम्हीच सांगा.