झाकणावरची अक्षरं

मावशीच्या सवयी. दुसऱ्याच्या घरात शिरली की फ्रीजचं दार नीट बसलंय का, ते हळूच ढकलून पाहायची. पाण्याची बाटली कधी काठोकाठ भरायची नाही. "बर्फ फुगतो गं, त्याला जागा लागते." बोलताना कोपराने आइसबॉक्सचं झाकण दाबून धरायची, पेटी रिकामी असली तरी. आणि भाऊ हा शब्द आला की विषय बदलायची.

ती माझी मावशी नव्हती. खालच्या मजल्यावर राहायची आणि सहलींना, लांबच्या प्रवासांना खाणं भरून द्यायची. साहित्याची पदवी घेऊन मी घरी बसले होते, तेव्हा तिने विचारलं, "पेटीची एक बाजू उचलशील?" तिथून आमची मैत्री.

तिचे नियम थोडे होते. आदल्या रात्री पेटीत बर्फ टाकून ती आतून गार करायची, सकाळी तो काढून नवा भरायचा. एक वाटा खाणं, दोन वाटे बर्फ. बर्फाच्या लाद्या टिकाऊ, फटींत चुरा. कच्चं तळाशी घट्ट डब्यात, तयार खाणं वर. आणि बाटल्यांची पेटी वेगळी, कारण ती दर दहा मिनिटांनी उघडते.

मग एक दिवस मावशीच्या भावाचा फोन आला, अकरा वर्षांनी. आईच्या घराच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं तुटलं होतं. त्याचं कुटुंब दोन दिवसांच्या प्रवासाला निघालं होतं. "ताई, तूही चल. खाणं तुझ्याकडे." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली.

भावाने एकच अट घातली. गाडीत एकाच पेटीला जागा होती.

"दोन लागतील रे."

"ताई, बसायचं कुठे मग?"

दुसऱ्या कुणाला तिने सरळ नाही म्हटलं असतं. भावाला म्हणाली, "बरं, बघते."

तिने प्रवासाच्या दुसऱ्या संध्याकाळी भाजायचं कोंबडीचं मांस दगडासारखं गोठवलं, पिशवीत बांधलं, पिशवी स्टीलच्या डब्यात ठेवली. डबा तळाशी, त्यावर लादी. वर उकडलेली अंडी, चिरलेली फळं, पावाचे तुकडे. आत थर्मामीटर. मी पेटीसोबत गेले.

पहिला दिवस छान गेला. थर्मामीटर तीन अंशांवर होतं. भाऊ जेवताना म्हणाला, "आईच्या हातची चव आहे." मावशीने मान खाली घातली.

दुसऱ्या सकाळी चहासाठी थांबलो. आम्ही दोघी हात धुवायला गेलो. तेवढ्यात भावाने दोन डझन कोमट बाटल्या विकत घेतल्या आणि पेटीत कोंबल्या. जागा व्हावी म्हणून लादी रस्त्याकडेला फेकली, डबा काढला, मांसाची पिशवी वर बसवली. झाकण बोटभर उघडं राहिलं. पेटी मागच्या काचेजवळ, उन्हात. हे आम्हाला दुपारी मुलांकडून कळलं.

दुपारी पेटी उघडली. थर्मामीटर चौदावर. पिशवीतून गुलाबी पाणी गळून अंड्यांवर आणि फळांवर आलं होतं.

"हे फेकावं लागेल," मावशी म्हणाली. "सगळं."

"एवढंसं तर पाणी सांडलंय, ताई. धुऊन घेऊ."

"धुऊन जात नाही ते. आणि कधीपासून गरम आहे, कुणास ठाऊक."

भावजय म्हणाली, "पोरं उपाशी राहिली तरी चालतील, ताईंचं शास्त्र जेवलं पाहिजे!"

लादी कुणी फेकली, ते सांगायला मी तोंड उघडलं. मावशीने माझं मनगट दाबलं. मग मांसाची पिशवी, अंडी, फळं, सगळं उचलून तिने स्वतःच कचऱ्याच्या पिंपात उपडं केलं. पुढे तीन तास रस्त्यावर काही मिळालं नाही. मुलं रडून झोपली.

"अकरा वर्षांनी बोलावलं," भाऊ समोर बघत म्हणाला, "आणि तू असं केलंस."

कुणाचंही पोट बिघडलं नाही. त्यामुळे ती बरोबर होती, हे कुणालाच कळलं नाही.

परतल्यावर मी चिडले. "सांगायचं होतंस ना!"

"चूक माझीच. एका पेटीला मी हो म्हटलं." मग म्हणाली, "बाटल्यांना जागा हवी, हे मला आधीच माहीत होतं."

भावाचा फोन परत आला नाही. तिने चारदा केला. पाचव्यांदा केल्याचं मला माहीत नाही.

चार महिन्यांनी, मंगळवारी सकाळी, ती ओट्यापाशी पडलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, रात्रीच गेल्या. भाऊ आला, तासभर बसला, घड्याळ बघून गेला.

खोली आवरायला मी एकटीच होते. फ्रीजरमध्ये सहा बाटल्या गोठलेल्या होत्या, प्रत्येकीत वरची चार बोटं जागा सोडलेली. टेबलाखाली एक नवी पेटी होती, छोटी, दोन सीटांच्या मध्ये मावेल एवढी. तिच्या दांड्याला चिठ्ठी बांधली होती. त्यावर भावाचा पत्ता.

झाकणावर तिने पांढऱ्या रंगाने लिहायला घेतलं होतं. 'फक्त बाट' एवढंच झालं होतं. ब्रश रंगाच्या डबीतच होता, वाळून कडक झालेला.