हंड्यांच्या रांगेखालची केबल

"हंड्याला हात लावू नको, मागं सर!" मी सुनेवर ओरडले. तिचा हंडा ताज्या मातीवर होता आणि मातीखालून चरचर आवाज येत होता.

दुष्काळ होता. टँकर यायच्या आत बायका हंडे मांडून नंबर धरायच्या. त्या सकाळी नव्या पाइपलाइनसाठी गल्लीत जेसीबीनं चर खणला आणि विजेची केबल सोलून टाकली. लाइट गेली नाही, म्हणून मुकादमानं वर माती लोटली. बायकांनी त्याच मातीवर हंडे मांडले. टँकर आला, त्याचं पाणी चरात झिरपलं आणि माती वाफाळू लागली. केबलवर झाकायला घातलेल्या विटांचे तुकडे वर आलेले मला दिसले, म्हणजे जेसीबी केबलपर्यंत पोचला होता.

मुकादम म्हणाला, "आजी, लाइट चालू हाय ना? टँकरला वाट द्या."

"चालू हाय म्हणूनच भीती. तू उचल की हंडा."

त्यानं उचलला नाही.

"नंबर गेला तर पाणी तू देणार का, म्हातारे?" रांगेतली एक बाई खेकसली.

"शिव्या देईन. लांब व्हा."

चौथी शिकलेय, खांबावरचा नंबर वाचता येतो. सुनेच्या मोबाइलवरून वीज कार्यालयाला तो नंबर सांगितला. केबल फाटलीय, माती ओली हाय, माणसं जवळ हायत, आधी वीज बंद करा, असं बजावलं. लाइनमन येईपर्यंत मी टँकरला आडवी उभी राहिले, तशा बायका हंडे सोडून मागं सरल्या.

त्यानं डीपीवरून वीज तोडली, तपासली, मगच माती उकरली. आतली तार उघडी होती.

सून वाचली. रांगेतल्या सगळ्या वाचल्या.