कार्डावरची सही

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अवरेकाळू सोलणं. बेंगळूरच्या थंडीत या वालाच्या शेंगांचे बाजारात ढीग लागतात. भिजवलेला दाणा ती दोन बोटांत असा दाबायची की साल हातात राहायची आणि डाळ टुणकन पातेल्यात पडायची. माझ्या डाळी जमिनीवर. "तुम्ही लाकडाला पॉलिशच मारा," म्हणाली. मग कोथिंबीर आणते म्हणून उठली, चप्पल घातली आणि दारातच बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मुलगी बारावीला, इथं त्याला सेकंड पीयूसी म्हणतात. आई गेल्यावर महिन्याभरात तिला कांजिण्या आल्या. खपल्या पडेपर्यंत घरात. तेवढ्यात केमिस्ट्रीचं एक प्रॅक्टिकल बुडालं. माझ्या लेखी, बुडालं तर बुडालं. पण ती म्हणाली, "अप्पा, एक प्रयोग राहिला तरी मॅडम रेकॉर्ड बुकावर सही करत नाहीत. त्या सहीशिवाय परीक्षेच्या प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत."

मग मॅडमना चिठ्ठी लिहायची ठरली. मी चौथीपर्यंत शिकलेला, तरी सांगायला बसलो.

"लिही, आई वारली. बाईंना काळीज आहे की दगड, ते कळेल."

"आईचं कशाला? मी आजारी होते म्हणून बुडलं. तेवढंच लिहिणार."

"मग पाया पडते असं तरी लिही."

"अप्पा, तुम्ही स्वल्प गप्प बसता का?"

गप्प बसलो. तिनं इंग्रजीत लिहिलं आणि मला मराठीत सांगितलं. मॅडमना नमस्कार, कांजिण्यांमुळे त्या दिवशी येता आलं नाही, दुसऱ्या बॅचबरोबर तो प्रयोग करायची कृपया परवानगी द्यावी, डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत आहे. चार ओळी. मला फार कमी वाटलं. खाली पालकाची सही हवी होती. मी एकेक अक्षर सुटं काढून केली.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी तशीच परत घेऊन आली. पिशवी खुंटीला न लावता खाली टाकली.

"मॅडम म्हणाल्या, ही सही कुणाची? ऑफिसातल्या कार्डावर वेगळी आहे. तूच केलीस का?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. शाळा-कॉलेजच्या सगळ्या सह्या तिची आईच करायची. सातवी शिकलेली, इंग्रजीत झोकात करायची. ॲडमिशनच्या कार्डावर तिचीच. ती गेल्याचं कॉलेजात कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं काम माझं होतं आणि मला ते सुचलं नाही.

"मग सांगायचंस की आई नाही म्हणून."

"तोंडातून आलंच नाही." पिशवी उचलून खुंटीला लावत म्हणाली, "मैत्रिणी म्हणत होत्या, आईची सही तूच मार, तुला येते. येते मला, हुबेहूब येते. पण नाही मारली."

मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

सकाळी कामावर न जाता तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. नखांत पॉलिशचा रंग होता, तो निघाला नाही. लॅबच्या दारात कसलातरी आंबूस वास. मॅडम चष्मा लावलेल्या, कडक. मी कन्नडमध्ये सरळ सांगितलं, "हिची आई गेली. मी बाप. सही माझीच. इथं बसून परत करून दाखवतो."

त्यांनी कोरा कागद पुढे केला. मी केली. त्यांनी दोन्ही सह्या शेजारी धरून बघितल्या, मग सर्टिफिकेट बघितलं, मग मुलीकडे.

"हे मला काल का नाही सांगितलंस?"

पोरगी जमिनीकडे बघत म्हणाली, "प्रॅक्टिकल आजारपणामुळे बुडलं होतं, मॅडम."

बाईंनी पेन काढलं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. "सरी, ठीक आहे. शनिवारी दुसऱ्या बॅचबरोबर ये. आकडे मैत्रिणीच्या वहीतून आणलेस तर बघ."

शनिवारी मी फाटकाबाहेर थांबलो. थांबायची गरज नव्हती. पोरगी बाहेर आली तीच बोलत. वरच्या नळीतून जांभळं पाणी थेंब थेंब खालच्या गरम ॲसिडमध्ये सोडायचं. रंग पडतो आणि विरतो, पडतो आणि विरतो. शेवटी एका थेंबाला फिका गुलाबी टिकतो, तिथं थांबायचं. पहिल्या खेपेला तिचं जास्त पडलं, पुढच्या दोन्ही वेळा आकडा सारखाच आला. लिहून दाखवल्यावर मॅडमनी रेकॉर्डवर सही केली. ती सही तिनं मला रस्त्यातच उघडून दाखवली. इतक्या दिवसांत पोरगी पहिल्यांदा भूक लागली म्हणाली. आम्ही उभ्यानंच दोन-दोन इडल्या खाल्ल्या आणि माझ्या छातीवरची फरशी कुणी उचलल्यासारखं झालं.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळी मी पोरीकडून चिठ्ठी लिहून घेतली, पालक म्हणून यापुढे माझी सही धरावी अशी. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन दाबून माझं नाव लिहीत बसलो. पान भरेपर्यंत.